रस्ता-गटाराच्या टेंडरची 84 पानी नोटीस: पात्रता, तारखा आणि कागद नेमके कुठून काढायचे?

खानापूर_सिव्हिल | 26 सप्टेंबर 2024, रात्री 9:40

नमस्कार मंडळी. खानापूर तालुक्यातला लहान काँट्रॅक्टर आहे. आतापर्यंत ग्रामपंचायतीची आणि छोटी गटाराची कामं केली. आता पहिल्यांदाच 1 कोटी 20 लाखांच्या रस्ता-गटाराच्या कामाला हात घालतोय. मुदत 9 महिने.

पेपरातली प्रकटणे, म्हणजे जाहीर नोटीस, कन्नडमध्ये आहे, अर्ध्या पानाची. पोर्टलवरचा दस्तऐवज इंग्रजीत, 84 पानं. कन्नड मी बोलतो, पण सरकारी कन्नड वाचताना अडखळतो. दोन रात्री बसलोय. पहिल्या रात्री पहिल्या पानापासून सुरुवात केली आणि पंचविसाव्या पानावर पहिलं काय वाचलं तेच विसरलो.

मला एवढंच पाहिजे: मी पात्र आहे की नाही, शेवटची तारीख कुठली, आणि कागद कुठले. पेपरात 14 ऑक्टोबर दुपारी 4 अशी तारीख आहे. टर्नओव्हरची अट कुठल्याही दोन वर्षांत किमान 80 लाख, माझे 90 आणि 82 आहेत. तसलंच एक काम 60 लाखांचं हवं, माझं 64 लाखांचं आहे. म्हणजे बसतो ना मी?

निपाणीकर_भाऊ | 26 सप्टेंबर, 10:15

बसता की. टर्नओव्हर आणि एक सारखं काम, एवढंच बघतात. पेपरातली तारीख पकडा, त्याआधी दोन दिवस भरून मोकळे व्हा. बाकी 84 पानं सगळ्या टेंडरांत तीच असतात, छापील साचा आहे. मी कधी वाचत नाही.

मलप्रभाकाठ | 26 सप्टेंबर, 11:05

भाऊ, पानं बरीचशी तीच असतात हे खरं. पण न वाचलेल्या पानातली एकच ओळ बदललेली असते आणि बोली तिथंच पडते. मी बेळगावात टेंडर भरून द्यायचं काम करतो, डिजिटल सही काढण्यापासून अपलोडपर्यंत. परत आलेल्या बोल्यांपैकी बहुतेक दराने पडलेल्या नसतात, टेक्निकल लकोट्यातच पडलेल्या असतात.

खानापूरवाले, पहिल्या पानापासून वाचू नका. माझी पद्धत सांगतो.

सगळ्यात आधी `kppp.karnataka.gov.in` वर तुमच्या टेंडरच्या पानावर जाऊन खाली तिद्दुपडी, म्हणजे दुरुस्तीपत्रक, आहे का बघा. दुरुस्ती वेगळ्या फाइलमध्ये येते, मूळ 84 पानांत कोणी खाडाखोड करत नाही. मूळ फाइल आठवडाभर पाठ केली तरी ती जुनीच असते.

मग कोरा कागद घ्या आणि उभे तीन भाग करा: अट, तारीख, कागद. आता पात्रतेचं प्रकरण उघडा. तिथलं प्रत्येक वाक्य तीनपैकी कुठल्या तरी भागात जातं, पुष्कळदा दोन भागांत. उदाहरण म्हणून तुमची 60 लाखांच्या कामाची अट घ्या. ती अट आहे हे झालंच. पण त्याच वाक्यात पुढे दाखला कुठल्या हुद्द्याच्या अधिकाऱ्याचा हवा ते लिहिलेलं असतं, बहुतेक ठिकाणी कार्यकारी अभियंत्यापेक्षा खालचा चालत नाही. ते कागदाच्या भागात जातं. आणि काम कुठल्या वर्षांतलं धरायचं, हे तारखेच्या भागात. एका वाक्यातून तीन गोष्टी निघाल्या. लोक फक्त 60 लाख वाचतात आणि ग्रामपंचायतीच्या सहीचा दाखला लावून येतात.

तुमचा 64 लाखांचा दाखला कोणाच्या सहीचा आहे?

खानापूर_सिव्हिल | 27 सप्टेंबर, सकाळी 7:20

आत्ता फाइल काढून बघितली. सहायक कार्यकारी अभियंत्याची सही आहे. नोटिशीत तुम्ही म्हणता तसंच कार्यकारी अभियंता लिहिलंय. हे मी दोनदा वाचलं होतं, तरी डोक्यात शिरलं नव्हतं. आजच जातो डिव्हिजनला.

येळ्ळूरची_लेक | 27 सप्टेंबर, 11:30

धागा टेंडरचा आहे, पण माझा प्रश्नही नोटिशीचाच म्हणून विचारते. बाबांच्या नावानं गंगा कल्याण योजनेतून बोअरवेलचा अर्ज करायचाय. कन्नड नोटिशीत जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, उतारा असं सगळं दिलंय. उत्पन्नाच्या ओळीत शेवटी "मीरिरबारदु" असा शब्द आहे. माझा भाऊ म्हणतो एवढं उत्पन्न पाहिजे. म्हणजे कमी उत्पन्नवाल्याला मिळत नाही? आम्ही मराठा, 3बी.

मलप्रभाकाठ | 27 सप्टेंबर, 12:10

ताई, उलटं आहे. मीरिरबारदु म्हणजे त्या आकड्याच्या वर गेलेलं नसावं. सरकारी कन्नडात वाक्याचा खरा अर्थ शेवटच्या शब्दात असतो, आपण आकडा बघून थांबतो. चार शब्द लिहून घ्या: मीरिरबारदु, म्हणजे ओलांडलेलं नसावं. कड्डाय, म्हणजे सक्तीचं. होरतुपडिसि, म्हणजे ते वगळून. आणि ओळगे, म्हणजे त्या मुदतीच्या आत. कागदांच्या यादीत "अथवा" आणि "मत्तु" हे दोन शब्द बोट ठेवून वाचा. अथवा आपल्यासारखंच. मत्तु म्हणजे आणि. "मत्तु" असेल तर दोन्ही कागद लागतात.

उताऱ्यावर बाबांचं एकट्याचं नाव आहे की काकांसोबत? नोटिशीत जमीन अर्जदाराच्या नावावर हवी असं असेल तर जॉइंट उताऱ्याला तिथंच अडवतात. दाखले नाडकचेरीतून निघतात. दाखल्यावरचा आरडी नंबर अर्जात जसाच्या तसा भरा.

येळ्ळूरची_लेक | 27 सप्टेंबर, 12:40

काकांसोबत आहे. आता कळलं गेल्या वर्षी का परत आला ते. तेव्हा आम्हाला कोणी कारण सांगितलं नव्हतं. आम्ही उत्पन्नामुळं समजत होतो.

घटप्रभा_डिझाईन | 27 सप्टेंबर, दुपारी 3:00

कन्नड फाइलबद्दल एक व्यवहारातली गोष्ट. मी डीटीपी करतो. कित्येक ऑफिसांतून प्रकटणे अजून नुडी फाँटात टाइप होऊन येते, नाहीतर सही-शिक्क्यासकट स्कॅन केलेली असते. त्यात शब्द शोधायला गेलात तर काही सापडत नाही. नुडीतला मजकूर कॉपी करून दुसरीकडे चिकटवला तर चिन्हांची खिचडी दिसते. शोधून शब्द मिळाला नाही म्हणजे तो नोटिशीत नाही, असं समजू नका. कन्नड पान डोळ्यांनीच वाचायचं, नाहीतर प्रिंट काढून वाचता येणाऱ्यासमोर धरायचं.

इंग्रजी दस्तऐवज सरळ पीडीएफ असेल तर शोध चालतो. मी `not less than`, `as on`, `valid` आणि `countersigned` हे चार शब्द शोधतो. पहिल्यात अटी सापडतात, मधल्या दोघांत तारखा, चौथ्यात कोणाची सही लागते ते.

मलप्रभाकाठ | 27 सप्टेंबर, रात्री 9:50

`countersigned` फार बरोबर सुचवलंत. आता खानापूरवाल्यांच्या मूळ प्रश्नाकडे येतो, कारण निपाणीकर भाऊंनी "बसता" म्हणून सांगितलंय आणि मला ते पटत नाही.

त्याच पात्रतेच्या प्रकरणात टर्नओव्हर आणि सारख्या कामानंतर, बहुतेक पुढच्या पानावर, बिड कपॅसिटीचं सूत्र असेल. बघा:

```
A × N × 1.5 − B
```

A म्हणजे मागच्या पाच वर्षांत एका वर्षात तुम्ही केलेलं सिव्हिल कामाचं सगळ्यात मोठं मूल्य, आजच्या किमतीला आणून. N म्हणजे या कामाची मुदत वर्षांत. B म्हणजे तुमच्या हातात चालू असलेल्या कामांपैकी त्याच मुदतीत पुरं करायचं राहिलेलं काम. हे सगळं करून येणारा आकडा टेंडरच्या रकमेपेक्षा जास्त हवा. टर्नओव्हरची अट पुरी झाली तरी इथं माणूस पडू शकतो. आकडे द्या, मांडून बघू.

खानापूर_सिव्हिल | 27 सप्टेंबर, 10:25

आहे, पान 23 वर. मला वाटलं मोठ्या कंपन्यांसाठी असेल.

90 लाखांचं वर्ष 2021-22. हातात एकच काम आहे, त्यातलं 13 लाखांचं राहिलंय, फेब्रुवारीत संपवायचंय. आणि आजच्या किमतीला आणायला वर्षाला 10 टक्के धरा असं लिहिलंय.

मलप्रभाकाठ | 27 सप्टेंबर, 11:15

मुदत 9 महिने, म्हणजे N पाऊण, 0.75. त्याला 1.5 नं गुणलं की 1.125.

आधी किंमत न वाढवता: 90 ला 1.125 नं गुणून 101.25, त्यातून 13 गेले, 88.25 लाख. हे 120 च्या खूप खाली. म्हणून ही दहा टक्क्यांची ओळ तुमच्यासाठी जीव की प्राण आहे. ती न लावता भरलंत तर तुम्ही स्वतःच्या हातानं अपात्र ठरता.

2021-22 पासून 2024-25 पर्यंत तीन वर्षं. सरळ व्याजासारखे 30 टक्के धरले तर A होतो 117 लाख. गुणून 131.62, वजा 13, राहिले 118.62. टेंडर 120 चं. दीड लाखाच्या आत हुकलं.

चक्रवाढ धरली, म्हणजे 1.10 तीनदा गुणला, तर A होतो 119.79. गुणून 134.76, वजा 13, राहिले 121.76. बसलात.

आता त्या ओळीत चक्रवाढ लिहिलंय की नाही ते सांगा.

निपाणीकर_भाऊ | 28 सप्टेंबर, सकाळी 8:05

ते सूत्र माझ्या लक्षातच नव्हतं, कबूल करतो. माझी कामं 40-50 लाखांची, तिथं कधी अडलं नाही. पण ही दहा टक्क्यांची वाढ चक्रवाढच असते. सगळीकडे 1.10, 1.21, 1.33 असाच तक्ता लावतात.

खानापूर_सिव्हिल | 28 सप्टेंबर, 8:30

ओळीत नुसतं "दर वर्षाला 10 टक्के" एवढंच आहे. तक्ता नाही, चक्रवाढ हा शब्दही नाही.

मलप्रभाकाठ | 28 सप्टेंबर, 9:10

भाऊ, काही दस्तऐवजांत तो तक्ता छापलेला असतो, तिथं वाद नसतो. इथं नाही. मी दोन्ही पद्धतींनी केलेली छाननी पाहिली आहे. कमिटी काय धरेल ते तुम्हीआम्ही ठरवू शकत नाही.

म्हणून लेखी शंका विचारा. शंका विचारायची शेवटची तारीख वेगळी असते, ती बोलीच्या तारखेच्या बरीच आधी संपते. ती तारखेच्या भागात लिहिलीत का?

खानापूर_सिव्हिल | 28 सप्टेंबर, 9:40

नव्हती लिहिली. 3 ऑक्टोबर आहे. आज पाठवतो.

शिनोळीवाला | 28 सप्टेंबर, रात्री 8:20

माझा पण एक प्रश्न. मी चंदगड भागात कामं केली, दाखले महाराष्ट्रातल्या खात्याचे, मराठीत. इकडं कर्नाटकात भरायचंय. मित्र म्हणतो तिकडची कामं धरतच नाहीत.

मलप्रभाकाठ | 28 सप्टेंबर, 9:30

"धरतच नाहीत" असा सरसकट नियम समजू नका. अनुभवाच्या कलमात कोणाकडे केलेलं काम चालतं ते वाचा. सरकारी खातं एवढंच लिहिलं असेल आणि राज्याचं बंधन नसेल, तर तुमचा दाखला बसवून बघण्यासारखा आहे. दोन गोष्टी मात्र वेगळ्या तपासा. काँट्रॅक्टर म्हणून नोंदणी कुठल्या खात्यातली आणि कुठल्या क्लासची मागितलीय ते बघा, कारण महाराष्ट्रातली नोंदणी इथं आपोआप लागू होत नाही. आणि भाषेचं कलम बघा. कन्नड किंवा इंग्रजी लिहिलं असेल तर मराठी दाखल्यासोबत नोटरी केलेलं भाषांतर जोडा. छाननी करणाऱ्याला मराठी वाचता येत असेल या भरवशावर राहू नका, तो कलबुर्गीहून बदली होऊन आलेला असू शकतो.

शिनोळीवाला | 28 सप्टेंबर, 9:45

नोंदणी तिकडचीच आहे. म्हणजे आधी ते काम.

खानापूर_सिव्हिल | 9 ऑक्टोबर, रात्री 10:00

दोन बातम्या आहेत.

तिद्दुपडी आली. तारीख 14 वरून 28 ऑक्टोबर, वेळ तीच, दुपारी 4. पेपरात मला दिसली नाही, पोर्टलवर बघितली म्हणून कळलं.

माझ्या शंकेलाही उत्तर आलं. एकच ओळ: टेंडर दस्तऐवजाप्रमाणे. म्हणजे जिथं होतो तिथंच.

बाकी तयारी अशी: कार्यकारी अभियंत्याची सही मिळाली. सीएंचा टर्नओव्हरचा दाखला झाला. इ.एम.डी.ची, म्हणजे बयाण्याची, अर्धी रक्कम पोर्टलवर आणि अर्धी बँक गॅरंटी मागितलीय, ती गॅरंटी बँकेतून 26 फेब्रुवारीपर्यंतची करून घेतली.

मलप्रभाकाठ | 9 ऑक्टोबर, 10:50

गॅरंटी 26 फेब्रुवारीची कशी काढलीत?

खानापूर_सिव्हिल | 9 ऑक्टोबर, 11:00

बोली 90 दिवस वैध, आणि इ.एम.डी. त्यापुढे आणखी 45 दिवस, असं लिहिलंय. 14 ऑक्टोबरपासून 90 दिवस म्हणजे 12 जानेवारी. पुढे 45, म्हणजे 26 फेब्रुवारी.

मलप्रभाकाठ | 9 ऑक्टोबर, 11:20

गणित अगदी बरोबर. पण तारीख हलली की तिला बांधलेल्या सगळ्या तारखा हलतात. 28 ऑक्टोबरपासून 90 दिवस म्हणजे 26 जानेवारी, आणि 45 दिवस म्हणजे 12 मार्च 2025. तुमची गॅरंटी 14 दिवसांनी कमी पडते. उद्याच बँकेत जाऊन मुदत वाढवून घ्या, परवापासून दसऱ्याची सुट्टी लागेल. दहाएक दिवस जास्तीच घ्या, पुन्हा तारीख वाढली तर धावपळ नको.

तिद्दुपडीत फक्त शेवटची तारीख लिहिलेली असते. इ.एम.डी.ची नवीन तारीख त्यात कोणी मोजून देत नाही. माझ्याकडं आलेल्या एका माणसाची बोली नेमकी याच कारणानं गेली होती. दर सगळ्यात कमी होता, आणि काम दुसऱ्याला गेलं. तो माझ्या टेबलासमोर बसून परत परत फक्त तारीख विचारत होता.

सीएंच्या दाखल्यावर यूडीआयएन नंबर आहे का तेही बघा. आकडे-अक्षरं मिळून अठरा असतात, सहीच्या खाली. तो 2019 पासून बंधनकारक आहे आणि छाननी करणारा ऑनलाइन तपासू शकतो.

घटप्रभा_डिझाईन | 10 ऑक्टोबर, सकाळी 9:15

पोर्टलवरची अर्धी रक्कम एनईएफटीनं भरणार असाल तर शेवटच्या दिवसावर ठेवू नका. खात्यातून पैसे गेले तरी पोर्टलवर जमा दिसायला वेळ लागतो, आणि जमा दिसल्याशिवाय बोली पुढं जात नाही.

खानापूर_सिव्हिल | 10 ऑक्टोबर, दुपारी 2:40

बँकेत जाऊन आलो, 25 मार्चपर्यंत वाढवून दिली. यूडीआयएन आहे.

आता राहिला तो दीड लाखाचा प्रश्न. चक्रवाढ धरून भरू का सरळ? झोप लागत नाही.

मलप्रभाकाठ | 10 ऑक्टोबर, 9:05

A वर तुमचा हात चालत नाही. B वर चालतो.

B म्हणजे राहिलेलं काम. आज 13 लाखांचं आहे. तारीख दोन आठवडे पुढं गेलीय. या दिवसांत त्या जुन्या कामावर जास्त माणसं लावून 4 लाखांचं काम उरकलंत, मेजरमेंट बुकात चढवलंत, तर B होतो 9. सरळ धरूनसुद्धा 131.62 वजा 9, म्हणजे 122.62. दोन्ही पद्धतींनी 120 च्या वर.

पण काम होऊन भागत नाही, ते कागदावर यायला पाहिजे. चालू कामांची यादी इंजिनिअरच्या प्रतिसहीनं मागितलेली असते, `countersigned` शोधलंत की ओळ सापडेल. तिथं हुद्दा बघा. माप आधी, सही नंतर, आणि यादीवरची तारीख मापानंतरची.

निपाणीकर_भाऊ | 10 ऑक्टोबर, 9:30

पाऊस थांबलाय. माझे सहा गडी दसऱ्यानंतर मोकळे आहेत, सेंटरिंगच्या प्लेटाही पडून आहेत. सांगा, पाठवतो.

खानापूर_सिव्हिल | 10 ऑक्टोबर, 9:50

पाठवा भाऊ, मंगळवारी सकाळी. गटाराचं 140 मीटर राहिलंय, तेवढं पुरं झालं तर 4 लाख होतात. सेक्शन ऑफिसरांशी बोललो, 22 ला माप घ्यायला येतो म्हणालेत. डिव्हिजनची सही 24-25 ला. पान 31 वर आहे ती ओळ, तिथंही कार्यकारी अभियंताच लिहिलंय.

येळ्ळूरची_लेक | 11 ऑक्टोबर, सकाळी 10:10

आमच्याकडून पण सांगते. काकांशी बोलणं झालं, उतारा वेगळा करायला तयार आहेत. यंदाच्या मुदतीत होईल असं तलाठी म्हणत नाहीत. नोटिशीत संमतीपत्राचं काही आहे का ते परत शेवटच्या शब्दापर्यंत वाचतेय. "ओप्पिगे पत्र" असा एक शब्द सापडलाय, त्याच्या पुढं "अथवा" आहे. फोटो टाकते, कोणी बघाल का?